क्रीडादिनाची टाळ्यांची घोषणा: तिसऱ्या ओळीला टाळ्या फुटतात

रावपुरा_आई
नमस्कार मंडळी. इथे बडोद्यात मुलीच्या शाळेत डिसेंबरात क्रीडादिन आहे. चार हाऊस आहेत आणि यंदा प्रत्येक हाऊसने एका भाषेत घोषणा द्यायची असं ठरलंय. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ब्लू हाऊसला मराठी आली. लिहायला घरचं कुणी हवं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाचवी ते सातवीची छत्तीस मुलं आहेत, त्यातल्या चौदा जणांच्या घरी मराठी बोलतात. बाकीची बहुतेक गुजराती आहेत, पण मराठी कानावरून गेलेली.

मी हे लिहिलं:

निळ्या गटाची पोरं आम्ही मैदानावर धावतो
वाऱ्यासंगे शर्यत लावत झरझर पुढती जातो
प्रतिस्पर्ध्यांना जिंकून घेऊन विजयध्वज फडकवतो

पहिल्या दोन ओळींना टाळ्या छान एकत्र पडतात. तिसरी आली की छत्तीस मुलांच्या छत्तीस टाळ्या होतात. शब्द सगळ्यांना पाठ आहेत, एकेकट्याला विचारलं तर न चुकता म्हणतात. मग एकत्र म्हणतानाच का फुटतं? चार दिवस तेच चाललंय आणि मुलं आता आपापसात "तुझ्यामुळे झालं" म्हणून भांडायला लागली आहेत. त्यांची चूक नाही असं मला आतून वाटतंय, पण नक्की काय चुकतंय ते सापडत नाही.

सुरसागर_काठ
आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत दरवर्षी हाच त्रास. ढोल पुढे, ताशा मागे, मधली मंडळी भलत्याच तालात. आम्ही एक मोठा ताशेवाला मधोमध उभा केला आणि प्रश्न मिटला. तुम्हीही ताशा ठेवा, टाळ्यांची गरजच नाही.

रावपुरा_आई
दादा, वाद्य चालणार नाही, तसा नियमच आहे. फक्त आवाज, टाळ्या आणि पाय.

अक्षर_मोजणारा
ताई, कारण सरळ आहे. पहिल्या ओळीत अक्षरं मोजा: नि-ळ्या-ग-टा-ची-पो-रं-आ-म्ही, नऊ. पुढे मै-दा-ना-व-र-धा-व-तो, आठ. दुसऱ्या ओळीत दहा आणि नऊ. तिसऱ्या ओळीत अकरा आणि दहा. म्हणजे तिसरी ओळ लांब झाली. सगळ्या ओळींना सारखी अक्षरं ठेवा, टाळी आपोआप बसेल. अभंगाला नाही का, सहा-सहा-सहा-चार अक्षरं असतात आणि शेकडो माणसं एकत्र म्हणतात.

दांडियाबाजार_तबला
तिसरी ओळ लांब आहे हे अक्षर_मोजणारा यांनी बरोबर पकडलं. पण अक्षरं सारखी करून टाळी बसणार नाही. त्यांनीच दिलेले आकडे बघा: पहिल्या ओळीत नऊ-आठ आणि दुसरीत दहा-नऊ, तरी त्या दोन्ही ओळी बसतात. म्हणजे कारण दुसरीकडे आहे. अभंगात अक्षरं मोजतात हे खरं, पण तिथे गाणारा चालीच्या आधाराने अक्षर लांबवतो. बुवा "वि" वर थांबले की सगळा फड थांबतो. घोषणेला चाल नसते. तिथे अक्षर लांबवायचं म्हटलं तर प्रत्येक मूल आपापल्या मनाने लांबवणार.

ताई, तुमची पहिली ओळ टाळीच्या घरांत टाकून बघा.

निळ्या गटाची / पोरं आम्ही / मैदानावर / धावतो

ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन धरा; अनुस्वार असलेलं किंवा जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही दोनाचं. पहिली तिन्ही घरं आठ-आठची होतात आणि शेवटच्या "धावतो" ला पाच, म्हणजे तीन मात्रांचा श्वास उरतो. ("निळ्या" चा "नि" इथे एकच धरायचा, कारण बोलताना त्यावर आघात येत नाही.) दुसरी ओळ: वाऱ्यासंगे, आठ. शर्यत लावत, आठ. झरझर पुढती, आठ. जातो, चार आणि श्वास. तुम्ही मोजून लिहिलं नसेल, तरी कानाने बरोबर लिहिलंत.

आता तिसरी. प्रतिस्पर्ध्यांना, नऊ. जिंकून घेऊन, दहा. विजयध्वज, सहा. फडकवतो, सहा. एकही घर आठाचं नाही. नवव्या आणि दहाव्या मात्रेला जागा कुठून आणायची हे प्रत्येक मूल स्वतः ठरवतं. कुणी घाईने कोंबतं, कुणी टाळी थांबवून धरतं. एकटं म्हणताना हे कळत नाही, कारण एकटं मूल टाळीच पुढेमागे करून घेतं. त्यात "तिस्पर्ध्यां" एवढ्या जोडाक्षरांची गाठ पळत पळत सोडवायची. ती कुणाच्याच तोंडात बसत नाही.

तीच कल्पना ठेवून ओळ अशी होईल:

समोर येवो / कोणी आता / झेंडा वरती / नेतो

आठ, आठ, आठ, चार. उद्या म्हणवून घ्या आणि कळवा.

रावपुरा_आई
काका, सकाळच्या सरावात म्हणवून घेतली. पहिल्याच वेळेला बसली! मुलं एकमेकांकडे बघायला लागली. भांडणही तिथेच संपलं.

पण आता दुसरी गोष्ट लक्षात आली. तीन ओळी सलग म्हणून झाल्या की मुलं धापा टाकतात, आणि तिसऱ्या फेरीला वेग इतका वाढतो की शब्द ऐकूच येत नाहीत. मी फोनवर वेळ मोजला. पहिल्या फेरीत सोळा टाळ्यांना जवळजवळ दहा सेकंद लागले, चौथ्या फेरीत साडेसात. घाई करू नका असं सांगितलं की दोन फेऱ्या नीट जातात आणि मग पुन्हा तेच.

मैदानी_मास्तर
मी सतरा वर्षं पीटी शिकवतोय, त्या अनुभवावरून सांगतो. तुमची ओळ कवितेची आहे, ती स्टेजवर म्हणायला चांगली. मैदानावर मूल एका श्वासात जेवढं ओरडू शकतं तेवढीच ओळ हवी, म्हणजे तीन-चार शब्द. एकाने विचारायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं. विचारणारा बोलतो तेव्हा बाकीचे श्वास घेतात. "गणपती बाप्पा" एक जण म्हणतो आणि "मोरया" हजार लोक म्हणतात, कुणाला सराव लागतो का?

वेग वाढतो त्याचं कारण असं की मुलांना रिकामी टाळी सहन होत नाही. थांबायच्या जागी ती थांबत नाहीत, पुढच्या शब्दावर उडी मारतात. दर ओळीला थोडी थोडी जागा खाल्ली जाते आणि शेवटी सगळी चाल पळायला लागते.

रावपुरा_आई
सर, अगदी हेच होतंय. श्वासाची जागा खाल्ली जातेय. मग थांबायला कसं शिकवायचं? "मनात एक म्हणा" सांगून पाहिलं, तर निम्मी मुलं मोठ्याने "एक" म्हणतात.

तीन_टाळी
ताई, तुमची बावीस गुजराती मुलं हे काम आधीच शिकून आलेली आहेत. मराठी चौदासुद्धा, बडोद्यातच वाढलीत ना. नवरात्रात तीन टाळी आठवा. टाळी, टाळी, टाळी आणि चौथ्याला हात मोकळे सोडून अंग वळतं. त्या चौथ्या जागी कुणी घाई करतं का? नऊ रात्री हजारो लोकांच्या वर्तुळात ती जागा जशीच्या तशी राहते, कारण ती रिकामी नसते. हात उघडतात, पाय पडतो. थांबायचं असतं तिथे शरीराला काम दिलेलं असतं.

मी तिसरीत असल्यापासून गरबा करतेय. चार टाळ्या सलग वाजवायला सांगितल्या तर मी पण पळत सुटेन. तीन टाळ्या आणि चौथीला दोन्ही हात वर उघडायचे, एवढंच करून बघा.

दांडियाबाजार_तबला
उत्तम सुचवलंत. आम्ही शागिर्दांना तालातली खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा, दाखवायला हात उलटा करायला लावतो, तो याचसाठी. हात हलला नाही तर खालीची मात्रा आखूड होते.

आता शब्दसुद्धा तीन टाळ्यांत बसतील असे हवेत. "कोण आलं" घ्या. कोण / आ / लं, आणि चौथ्याला हात वर. "निळे आले", निळे / आ / ले, हात वर. पहिल्या टाळीवर दोन अक्षरं आली तरी चालतात, कारण "निळे" एका झटक्यात म्हणता येतं. तीन अक्षरं मात्र एका टाळीवर ठेवू नका.

अक्षर_मोजणारा
म्हणजे मोजायच्या त्या टाळ्या, अक्षरं नव्हेत. मान्य. पण मग "निळे आले" आणि "कोण आलं" यांच्या मात्रा सारख्या कुठे आहेत? पहिल्याला सात आणि दुसऱ्यालाही सात... अरे, आहेत की. तरी मला वाटतं मात्रांचा नियम सोडून चालणार नाही.

दांडियाबाजार_तबला
सोडू नका, पण त्याच्या आहारीही जाऊ नका. "मांडवीहून" च्या मात्रा आठ भरतात, तरी मांड / वी / हून असं तीन टाळ्यांत बसतं, कारण बोलताना "ड" आणि "न" पाय मोडूनच येतात. घोषणेत कागदावरचं अक्षर सोडून तोंडातलं धरायचं. शंका आली तर टेबलावर बोट आपटून म्हणायचं.

कोथरूडची_माहेरवाशीण
मांडवी वाचून बरं वाटलं, माहेर चांपानेर दरवाज्याजवळ. माझ्या भाच्यांच्या शाळेत इथे असाच कार्यक्रम झाला. त्यांनी चाळीस मुलं मैदानाच्या कडेने एका रांगेत उभी केली होती. दिसायला सुंदर, पण पहिली टाळी एका टोकाला आणि शेवटची दुसऱ्या टोकाला, लाटेसारखी. मुलांना खूप बोलणी बसली. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका.

मैदानी_मास्तर
रांग कधीच नको. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. चाळीस मीटरच्या रांगेत टोकाचं मूल पहिल्याची टाळी सेकंदाच्या नवव्या हिश्शाने उशिरा ऐकतं. कानाने मागे चालणारा नेहमीच मागे राहतो. सहा-सहाच्या सहा ओळी करून दाट उभं करा आणि पुढे एक मुलगी बाकावर उभी करा. सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघायचं. डोळ्याला उशीर होत नाही.

रावपुरा_आई
मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून रात्री बसून हे लिहिलं. स्वरेचा (माझ्या मुलीचा) हातही आहे यात, "वारा कुणाला दिला" हे तिचं. शाळा मांडवीजवळ आहे म्हणून मांडवी.

एक: कोण आलं?
सगळे: निळे आले!
एक: कुठून आले?
सगळे: मांडवीहून!

सगळे: निळा वारा! सुटला रे!
निळा वारा! सुटला रे!

एक: काय आणलं?
सगळे: वारा आणला!
एक: कुणाला दिला?
सगळे: पायांना दिला!

सगळे: निळा वारा! सुटला रे!
निळा वारा! सुटला रे!

एक: पाय कुठे?
सगळे: रेषेवर!
एक: शिट्टी झाली!
सगळे: पळ पळ पळ!

सगळे: निळा वारा! सुटला रे!
निळा वारा! सुटला रे!

प्रत्येक तुकड्याला तीन टाळ्या आणि चौथ्याला हात वर. विचारणाराही टाळी देतो, बाकीचेही देतात, टाळी कधीच थांबत नाही. "पायांना दिला" हे पायां / ना दि / ला असं म्हणतो आहोत.

तीन_टाळी
"वारा पायांना दिला" वाचून अंगावर काटा आला. स्वरेला माझा सांगावा द्या. "निळा वारा, सुटला रे" ला चौथ्यावर नुसते हात वर न करता वाऱ्यासारखे डावीकडून उजवीकडे न्या. कडव्यात वर, धृपदात आडवे. प्रेक्षकांना लांबूनही धृपद आलं ते दिसेल.

मैदानी_मास्तर
फार सुंदर झालं आहे, तरी एक धोका सांगतोच. तिसरं कडवं शर्यत सुटायच्या वेळी म्हणू नका. मुलं खरोखर रेषेवर वाकलेली असतात आणि स्टँडवरून छत्तीस जण "शिट्टी झाली, पळ" असं ओरडतात. एखादं लहान मूल पळणारच. फॉल्स स्टार्ट त्याच्या नावावर लागतो आणि ते रडत बाहेर येतं. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे, दोषी ठरलं ते मूल. स्टार्टरने हात वर केला की सगळी घोषणा बंद, बाकावरच्या मुलीने मूठ मिटायची. तिसरं कडवं संचलनाला आणि बक्षिसाच्या वेळी म्हणा.

रावपुरा_आई
सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मूठ मिटायची खूण आजच शिकवते.

दांडियाबाजार_तबला
आवाजाबद्दल थोडं. "पळ" मैदानात जाणार नाही. "प" फुटतो, पण मागचा स्वर आखूड आणि वर "ळ" तोंड बंद करतो. "पळा पळा पळा" करा, शेवटी "आ" उघडा राहतो. "आले", "दिला", "रे", "आणला" ही उत्तरं म्हणूनच चांगली ऐकू येतात. "रेषेवर" तसंच अडतं. "रेषेवरी" करता येईल.

अक्षर_मोजणारा
"रेषेवरी" जुन्या ओव्यांतलं वाटतं, सातवीतलं मूल असं बोलणार नाही. "रेषेला" म्हणा. पळणारी मुलं तसंही "पाय रेषेला लाव" म्हणतात. रे / षे / ला, तीन टाळ्या.

दांडियाबाजार_तबला
माझ्यापेक्षा चांगला शब्द दिलात. मान्य.

रावपुरा_आई
"रेषेला" आणि "पळा" दोन्ही घेतले. आज मोठ्या मैदानावर पहिला सराव झाला. दाट उभं केलं, हात वर केले, फोनवर मोजलं. धृपदाच्या सोळा टाळ्या (हात वर धरून) पहिल्या फेरीत 9.6 सेकंद आणि सहाव्या फेरीत 9.3. मला रडू आलं खरं सांगायचं तर.

पण एक विचित्र झालं. वर्गात आणि अंगणात जे बसलं ते मैदानावर सुरुवातीला बसेना. दोन टाळ्यांच्या मध्ये आणखी एक टाळी ऐकू येत होती. मला वाटलं मागची मुलं खोड्या करतायत, म्हणून त्यांना थांबवलं. तरी ती टाळी येतच राहिली! समोर शाळेची नवी इमारत आहे, तिच्यावरून आवाज परत येत असेल का?

मैदानी_मास्तर
तोच. इमारत किती लांब आहे? पावलं मोजा.

रावपुरा_आई
स्वरेने मोजली, सत्तर पावलं. मीटरमध्ये पन्नासच्या आसपास असेल.

मैदानी_मास्तर
मग बघा. पन्नास मीटर जायला, पन्नास यायला, शंभर मीटर म्हणजे जेमतेम 0.3 सेकंद. तुमची एक टाळी 0.6 सेकंदांची. परतलेली टाळी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध येते. मुलं बिचारी दोन्हीकडे धावतात. मुलांची पाठ त्या इमारतीला लावा, अगदी भिंतीजवळ. तिथून येणारा आवाज टाळीतच मिसळेल.

रावपुरा_आई
पाठ करून उभं केलं. मधली टाळी गेली! ज्यांना मी खोडकर म्हटलं त्या दोघांची माफी मागितली सगळ्यांसमोर. त्यातला एक म्हणाला, "बेन, मैं बोला था ना, दीवार ताली बजा रही है." खरंच म्हणाला होता, मी ऐकलं नव्हतं.

सुरसागर_काठ
मिरवणुकीत न्यायमंदिराजवळ आलो की ताशा दुहेरी ऐकू येतो आम्हाला, आज कळलं का. ताई, मी सुरुवातीला प्रश्न नीट वाचला नव्हता. छान चाललंय तुमचं.

तीन_टाळी
एक विचारते. शेवटच्या धृपदाला मुद्दाम वेग वाढवावा का? गरब्यात शेवटी चढवतात तसं. माझ्या मते चढवावा, प्रेक्षक उठतात.

दांडियाबाजार_तबला
मी चढवणार नाही. मुलांनी आठवडाभर वेग धरायला शिकलं, तो शेवटी सोडायला सांगितला तर पुढच्या फेरीला ती सुरुवातीपासूनच चढ्या वेगाने म्हणतील. चढवायचंच असेल तर आवाज चढवा, वेग नको. पहिलं धृपद हळू आवाजात, दुसरं मध्यम, तिसरं पूर्ण गळ्याने.

तीन_टाळी
काका, गरब्यात नऊ रात्री चढवतो तरी दुसऱ्या रात्री पुन्हा सावकाशच सुरू होतं. मुलांना जमेल असं मला अजूनही वाटतं.

मैदानी_मास्तर
तिथे ढोल वेग देतो. इथे बाकावर एक सातवीतली मुलगी आहे.

रावपुरा_आई
उद्यापासून दोन्ही करून बघते, एक दिवस वेगाने आणि एक दिवस आवाजाने. बाकावर उभी राहणारी मुलगी आहे तिला विचारलं, ती म्हणाली, "काकी, मला हात मोठे करता येतील, पटपट नाही." मोठे हात म्हणजे सगळी जोरात ओरडतात हे तिला आपलं आपणच कळलंय.

शनिवारी रंगीत तालीम आहे. कोथरूडच्या ताई, तुमच्यासाठी आवाज रेकॉर्ड करून ठेवते, "मांडवीहून" ला मुलं हात मांडवीच्या दिशेने उघडतात, ते दिसणार नाही पण ऐकू येईल.